नाव झाकलं तर कागद कुणाचा?

शंभरीनिमित्त सेवेकऱ्यांना सन्मानपत्रं द्यायची ठरली. छापून आली तर सगळ्यांवर एकच ओळ, ‘मोलाचे सहकार्य केले’. नाव झाकलं तर कागद कुणाचाही! आम्ही ती बाजूला ठेवली अन् दोन ओळींची जागा कोरी सोडून नवी छापून घेतली.

आता लिहायचं काय? सेवेकऱ्याला विचारावं तर तो म्हणतो, “माउलींनी करून घेतलं.” म्हणून ज्यांनी सेवा घेतली त्यांना विचारलं. वहीत एकाच्या नावापुढं नुसतं ‘तंबू’ होतं. विणेकरीबुवा म्हणाले, “सासवडच्या मुक्कामी रात्री पाऊस लागला. सुती दोर भिजला की आखडतो, खुंटी उपटतो. हा एकटा उठून दोर सैल करीत फिरला, म्हणून म्हातारीकोतारी कोरडी झोपली.” तेच लिहिलं, मुक्कामाच्या नावासकट.

एका ठिकाणी आम्ही चुकलो. न विचारता ‘भाकरी थापल्या’ लिहिलं. त्या माउली कागद घेऊन परत आल्या. “बुवा, मी पीठ मळलं. थापल्या माझ्या जावेनं.” जावेचं नाव आमच्या यादीतच नव्हतं. मग दोन कागद लिहिले.