एकच रक्त, दोन लॅब, दोन आकडे

हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या किंवा रक्त पातळ करणारी वॉरफेरिनसारखी गोळी घेणाऱ्या रुग्णांच्या घरी पीटी-आयएनआरचा रिपोर्ट ओळखीचा असतो. 'गेल्या वेळी तीस सेकंद होते, या लॅबमध्ये चोवीसच आले. रक्त घट्ट झालं का?' असं मला नेहमी विचारलं जातं.

सेकंदांचा हा आकडा म्हणजे प्रोथ्रॉम्बिन टाइम. रक्तातला प्लाझ्मा वेगळा काढून त्यात थ्रोम्बोप्लास्टिन आणि कॅल्शियम मिसळतात आणि गुठळी किती वेळात होते ते मोजतात. पण प्रत्येक कंपनीचं थ्रोम्बोप्लास्टिन सारखं नसतं. एखादं गोळीचा परिणाम ठळक दाखवतं, एखादं तोच कमी दाखवतं. म्हणून १९८३ साली जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआरची पद्धत स्वीकारली. कंपनी आपला माल प्रमाण मालाशी ताडून त्याचा संवेदनशीलता निर्देशांक, म्हणजे आयएसआय, ठरवते. तो एकच्या जवळ असेल तर माल चांगला संवेदनशील.

आता हिशेब पाहू. रुग्णाच्या सेकंदांना निरोगी माणसांच्या सरासरीने भागायचं आणि त्या भागाकाराचा आयएसआयएवढा घात घ्यायचा, तोच आयएनआर. पहिल्या लॅबमध्ये रुग्णाचे ३० सेकंद, निरोगी माणसांची सरासरी १२. भागाकार २.५. आयएसआय १, म्हणून आयएनआरही २.५. दुसऱ्या लॅबमध्ये त्याच रक्ताचे २४ सेकंद, तिथली सरासरी १३. भागाकार साधारण १.८५. पण तिथला आयएसआय १.५ आहे, म्हणून १.८५ चा दीड घात घ्यायचा. म्हणजे १.८५ ला त्याच्याच वर्गमूळाने, १.३६ ने गुणायचं. उत्तर पुन्हा २.५. रक्त घट्ट झालेलं नाही, गोळी आहे तेवढीच राहू द्या.

मात्र आयएनआरही चुकू शकतो. थ्रोम्बोप्लास्टिनचा नवा लॉट आला आणि यंत्रात जुनाच आयएसआय राहिला, तर सगळे रिपोर्ट बिघडतात. दुसऱ्या लॅबने १.५ ऐवजी १ धरला, तर आयएनआर १.८५ दिसेल आणि डोस विनाकारण वाढेल. आयएसआय बरोबर १.५ धरूनही त्या लॅबने सरासरी स्वतः निरोगी माणसांचं रक्त तपासून न काढता १३ ऐवजी १२ धरली, तर तोच आयएनआर २.८ वर जातो. एका सेकंदाचा एवढा फरक पडतो, कारण चूकसुद्धा घातात वाढते.

रक्त घेतानाही नजर ठेवा. निळ्या झाकणाच्या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असतं. नळी खुणेपर्यंत भरली नाही, तर सायट्रेट जास्त होतं आणि आयएनआर खोटा वाढलेला दिसतो.

म्हणून शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासणी करा. गोळी, आहार, औषधं काहीच बदललेलं नसताना आकडा एकदम उडी मारत असेल, तर स्वतः डोस बदलू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि नवं रक्त देऊन तपासणी पुन्हा करायची का, ते विचारा. रक्तस्राव होत असेल, तर मात्र रिपोर्टची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.