एमआरआयवरचा उजळ ठिपका

समजा वैभववाडीच्या एका ताईच्या आईला आणि मावशीला चाळिशीआधीच स्तनाचा कर्करोग झाला. अशा ताईला डॉक्टर मॅमोग्राफीसोबत दरवर्षी एमआरआयही सुचवतात. त्यात हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमचं औषध सोडतात. कर्करोगाच्या गाठीला रक्त जास्त मिळतं, म्हणून ती उजळते. पण साधी, निरुपद्रवी गाठही उजळते. पाळीच्या आधी तर निरोगी स्तनही उजळतो. म्हणून शक्यतो पाळी सुरू झाल्यापासून 7 ते 14 दिवसांत तपासणी करतात. तरी ठिपका दिसला, तर आधी त्याच जागेची सोनोग्राफी, गरज पडल्यास सुईने तुकडा काढून तपासणी. बहुतेक ठिपके कर्करोगाचे नसतात. पहिल्या वर्षी अशा पुढच्या तपासणीसाठी बोलावणं जास्त येतं, कारण तुलनेला जुनं चित्र नसतं. ताई, एमआरआयची सीडी जपून ठेव, पुढच्या वर्षी सोबत ने.