निकाल लागण्याआधी मृत्यू आला तर

मी इंदूरला वकिली करते, बहुतेक कामं कौटुंबिक न्यायालयातली. आज एका प्रकरणाबद्दल बोलणार आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत, पण कायदा जसाच्या तसा आहे.

एक बाई माझ्याकडे आल्या. नवऱ्यापासून सात वर्षं वेगळ्या राहत होत्या, अकरा वर्षांची मुलगी त्यांच्याकडे. घटस्फोटाचा अर्ज नवऱ्यानेच केला होता. खटला साक्षीपुराव्यापर्यंत पोचला आणि तो हार्ट अटॅकने गेला. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मागे त्याने स्वतः घेतलेला साठ लाखांचा फ्लॅट आणि बँकेत तीस लाखांच्या ठेवी. ठेवींवर नॉमिनी म्हणून धाकट्या भावाचं नाव. फ्लॅटमध्ये त्याची आई राहत होती.

बाई म्हणाल्या, "मॅडम, मला काही नको. पण मुलीला तरी मिळेल ना? मी तर आता त्यांची कोणी नाही." दिराने फोनवर त्यांना हेच सांगितलं होतं: सात वर्षं कोर्टात भांडलीस, आता कसली बायको?

मी विचारलं, "घटस्फोटाचा हुकूम झालाय का?" म्हणाल्या, "नाही, पुढची तारीख होती." मी म्हटलं, "मग तुम्ही त्यांच्या विधवा आहात."

सगळं उत्तर याच प्रश्नात आहे. लग्न अर्ज दाखल केल्याने मोडत नाही, वेगळं राहिल्याने मोडत नाही, पोटगी चालू झाल्याने मोडत नाही. कोर्टाच्या हुकुमाने मोडतं. घटस्फोट मागण्याचा हक्क हा त्या माणसाचा वैयक्तिक हक्क असतो. तो गेला की मागणीही त्याच्याबरोबर संपते, भाऊ किंवा आई तो खटला पुढे चालवू शकत नाहीत. वकील मृत्यूचा दाखला जोडून कोर्टाला कळवतो आणि खटला निकाली निघतो. लग्न संपलं ते मृत्यूमुळे, घटस्फोटामुळे नाही.

परस्परसंमतीच्या अर्जातही असंच आहे. पहिली सही झाली, सहा महिन्यांची मुदत चालू आहे आणि एक जण गेला, तर घटस्फोट झालेला नसतो. न्यायिक विभक्ततेचा हुकूम असला तरी नातं नवरा-बायकोचंच राहतं, कारण तो हुकूम वेगळं राहायची मुभा देतो, लग्न संपवत नाही.

आता वाटणी. हिंदू वारसा कायदा, 1956 हा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू आहे. मुसलमान, ख्रिस्ती आणि पारशी यांचे नियम वेगळे, गोव्याचा नागरी कायदाही वेगळा. आज मी फक्त या कायद्याबद्दल बोलते आहे. पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर विधवा, मुलगा, मुलगी आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. वडील आणि भाऊ या पहिल्या वर्गात नाहीत. आमच्या प्रकरणात पत्नी, मुलगी आणि आई अशा तिघी. नव्वद लाखांचे तीन भाग, प्रत्येकी तीस लाख. भावाला काही नाही.

"पण ठेवींवर भावाचं नाव होतं ना?" होतं. पण बँकेतल्या ठेवींबाबत सुप्रीम कोर्टाने 2010 साली स्पष्ट केलं आहे की नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा माणूस असतो, मालक नसतो. बँक त्याच्या हातात रक्कम देऊन मोकळी होते, त्याने ती वारसांना द्यायची असते.

तरीही अडचण आलीच. सासूबाईंनी दिवाणी न्यायालयात सक्सेशन सर्टिफिकेटसाठी, म्हणजे उत्तराधिकार प्रमाणपत्रासाठी अर्ज केला आणि त्यात सुनेचं व नातीचं नावच घातलं नाही. या अर्जात मृताच्या कुटुंबीयांची आणि जवळच्या नातेवाइकांची नावं, पत्ते द्यावे लागतात. वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस बाईंच्या बहिणीने पाहिली म्हणून आम्हाला कळलं. आम्ही हरकत घेतली आणि दोनच कागद महत्त्वाचे ठरले: लग्नाचा दाखला, आणि मृत्यूमुळे घटस्फोटाचा खटला संपल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत. ही प्रत लगेच काढून ठेवा. हुकूम झाला नव्हता याचा तो सगळ्यात सरळ पुरावा आहे. आणि समजा नोटीस नजरेतून सुटली असती, तर? वारस लपवून मिळवलेलं प्रमाणपत्र रद्द करून घेता येतं.

सासूबाई कोर्टात रडल्या. त्यांना खरंच वाटत होतं की सून आता परकी झाली. शेवटी तडजोड झाली: ठेवी बाईंना, फ्लॅट आजी आणि नात यांच्या नावावर निम्मा-निम्मा. मुलगी अज्ञान असल्याने कोर्टाची परवानगी घेतली. आजी आजही त्याच घरात आहेत.

हुकूम झालेला असेल तर काय, हेही सांगते. समजा नवऱ्याने बायकोच्या गैरहजेरीत एकतर्फी घटस्फोट मिळवला आणि नंतर तो वारला. तरीही तो हुकूम रद्द करून मागायला ती त्याच्या वारसांना पक्षकार करून कोर्टात जाऊ शकते, असं सुप्रीम कोर्टाने 1996 साली ठरवलं. कारण त्या हुकुमावर तिचा वारसाहक्क अवलंबून असतो. मात्र मुदत पाळायला हवी, उशीर झाला तर त्याचं कारण पटवून द्यावं लागतं.

आता उलटी बाजू. ती लोकांना ठाऊक नसते आणि जास्त जाचक आहे. खटला चालू असताना बायको गेली तर? मुलं असतील तर नवरा आणि मुलं सारखे वाटेकरी. मूलबाळ नसेल तर तिला आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता माहेरी परत जाते. पण तिने स्वतः कमावलेलं सगळं, पगारातून घेतलेलं घर, ठेवी, नवऱ्याला मिळतं. ज्याच्यापासून सुटका मागत ती कोर्टात उभी होती, त्यालाच. तिला सांभाळणारे आईवडील तिथे वारसच ठरत नाहीत. नवरा हयात नसता तरी आईवडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांचा नंबर लागला असता.

याला उपाय एकच, मृत्युपत्र. स्वतः कमावलेली मालमत्ता कोणालाही देता येते, वडिलोपार्जित मालमत्तेतला फक्त आपला हिस्सा. दोन साक्षीदार हवेत, दोघांनी तुमची सही होताना पाहिलेली असावी किंवा ती तुमचीच असल्याचं तुमच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि दोघांनीही तुमच्या समोर सही करावी. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद होणार हे दिसत असेल तर करावी. मात्र हेच हत्यार समोरच्याच्याही हातात आहे. नवऱ्याने मृत्युपत्राने सगळं दुसऱ्याला दिलं तर विधवेला वाटा मागता येत नाही, फार तर मागे राहिलेल्या मालमत्तेतून पोटगी मागता येते.

केंद्र सरकारी नोकरीतल्या स्त्रियांसाठी एक गोष्ट वेगळी. कुटुंब निवृत्तिवेतन मृत्युपत्राने देता येत नाही. पण जानेवारी 2024 पासून, घटस्फोटाचा खटला प्रलंबित असेल तर ते नवऱ्याच्या आधी पात्र मुलांना मिळावं, अशी लेखी विनंती त्या कार्यालयात करू शकतात.

म्हणून आता माझ्याकडे घटस्फोटासाठी कोणी आलं, नवरा असो की बायको, तर वकालतनाम्यावर सही घेताना मी आधी विचारते, "मृत्युपत्र केलंय का?" लोक दचकतात. म्हणतात, "अहो, मी घटस्फोटासाठी आलोय, मरायला नाही." मी म्हणते, "खटला किती वर्षं चालेल ते मला सांगता येत नाही. तोवर कायद्याने तुमचा वारस कोण आहे, ते मात्र आत्ताच सांगते."