‘म्हणून’ जुळतं का? : संस्था उभी करणाऱ्या ताईंची ओळख करून देताना

आज बचतीचा किंवा कर्जाचा विषय नाही. आज माईकसमोर उभं राहण्याचा विषय आहे.

एखाद्या संस्थेला निधी लागतो, तेव्हा हल्ली शहरात रात्रीचं जेवण ठेवतात. हॉल घेतात, पाहुणे बोलावतात. पाहुणे जेवतात, संस्थेचं काम ऐकतात आणि ज्याला वाटेल तो देणगी देतो. संस्था सुरू करणाऱ्या बाई तिथं बोलतात, पण त्याआधी कुणीतरी त्यांची ओळख करून द्यावी लागते. त्यासाठी काम जवळून पाहिलेली, गावाकडची बाई शोधतात. म्हणजे हे काम तुमच्या-माझ्यापर्यंत येतं. मागच्या वर्षी ते माझ्याकडे आलं, जेवण पुण्यात होतं. पहिल्यांदा मी ते चुकीचंच लिहिलं होतं. ते कसं सुधारलं, ते आज सांगते.

संस्था आहे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी. आपल्या बीडकडच्या बायकांना हे सांगायला नको. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कारखान्यांकडे निघतात, ती पाडव्याच्या आसपास परत येतात. सोबत गेलेल्या मुलांची शाळा मधल्या मधे बुडते. ही संस्था तेवढे महिने मुलांना त्यांच्याच गावात ठेवून घेते. दोन वेळचं जेवण, रात्री झोपायला जागा, लक्ष द्यायला दोन बायका आणि दिवसा गावातलीच शाळा. एवढंच काम, पण नेमानं चाललेलं. ज्यांनी ते सुरू केलं, त्या ताई स्वतः ऊसतोड कामगारांच्या घरातल्या.

मी बसले लिहायला. आधी ताईंना मिळालेले पुरस्कार लिहिले, वर्षांसकट. मग त्यांची गोष्ट. ‘घरची गरिबी. आईवडिलांनी चौथीतून शाळा सोडवली आणि मुलीला फडावर नेलं. तरी ही मुलगी हरली नाही.’ आणि शेवट असा, ‘आज तुमच्या पानात गोडधोड आहे. त्या लेकरांच्या पानात काय असेल, याचा विचार करा आणि सढळ हातानं द्या.’ वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, झकास झालं.

दुसऱ्या दिवशी मी ते ताईंना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, “त्या दिवशी माझी आई हॉलमध्ये असणार आहे.”

मी गप्प झाले. शंभर अनोळखी माणसांसमोर मी त्या म्हातारीला सांगणार होते, की तू लेकीची शाळा सोडवलीस.

मग ताईंनी खरं काय झालं ते सांगितलं. दरवर्षी आईवडील तोडीला जायचे, तेव्हा ताई आजीजवळ राहायच्या आणि शाळेत जायच्या. त्या वर्षी पावसाळ्यात आजी वारली. निघायच्या आदल्या रात्री आई घरोघर फिरली आणि एकच विचारत राहिली, “हिला कुणाजवळ ठेवू?” कुणी नाही म्हणालं नाही, पण कुणाला जमण्यासारखंही नव्हतं. शेवटी पोरगी सोबत गेली. कोपीत बसून धाकट्या भावाला सांभाळलं. परत आली तेव्हा परीक्षा होऊन गेली होती. पुढच्या हंगामात मात्र शेजारच्या काकू आपणहून म्हणाल्या, “राहू दे हिला माझ्याकडे. चार भाकरी थापते तिथं पाच थापीन.” त्या एका हंगामामुळे शाळा पुन्हा सुरू झाली आणि मग थांबली नाही.

मैत्रिणींनो, माझ्या कागदावर गरिबी होती, जिद्द होती, पण हे नव्हतं. मला माहीत नव्हतं, तिथं मी ‘आईवडिलांनी शाळा सोडवली’ हे स्वतःच्या मनानं भरलं होतं. कारण अशा गोष्टी आपण तशाच ऐकलेल्या असतात. म्हणून आता मी आधी तीन गोष्टी विचारते. काय सांगू? काय सांगायचं नाही? आणि हॉलमध्ये कोण कोण असणार आहे? तिसरा प्रश्न बहुतेक जणी विसरतात. गोष्ट ताईंची असली, तरी तिच्यात आई असते, नवरा असतो, सासर असतं. त्यांनाही ती ऐकावी लागते.

आता गोष्ट कामाशी जोडायची कशी? मला एक सोपी खूण सापडली. गोष्ट सांगून झाली की ‘म्हणून’ हा शब्द ठेवायचा आणि पुढे संस्थेचं काम म्हणायचं. माझ्या पहिल्या कागदावर करून बघा. ‘ताई गरिबीतून जिद्दीनं वर आल्या, म्हणून संस्था मुलांना गावात ठेवून घेते.’ जुळत नाही ना? गरिबीतून वर आलेली बाई शिवणक्लासही काढू शकते, दवाखानाही काढू शकते. आता हे बघा. ‘त्या वर्षी त्यांना ठेवून घ्यायला गावात कुणी नव्हतं, म्हणून संस्था मुलांना गावात ठेवून घेते.’ जुळलं. ताईंच्या आयुष्यात नेमकं जे कमी पडलं, तेच संस्था देते. ‘म्हणून’ जुळत नसेल, तर समजायचं की आपण गोष्टीचा चुकीचा तुकडा उचललाय. मग पुन्हा विचारायला जायचं.

पुरस्कार मी काढून टाकले, ते निमंत्रणपत्रिकेवर छापलेलेच होते. शेवटी मी हे बोलले, कागदावरचं जसंच्या तसं वाचते.

“नमस्कार. मी बचतगटांचं काम करते. ताईंच्या संस्थेत मुलं राहतात, ते घर माझ्या नेहमीच्या वाटेवर आहे. ताईंची ओळख मी एका प्रश्नानं करून देणार आहे. ताई चौथीत होत्या, तेव्हा त्यांच्या आजी वारल्या. आईवडिलांना ऊसतोडीला जायचं होतं. निघायच्या आदल्या रात्री त्यांच्या आई गावात घरोघर गेल्या आणि विचारत राहिल्या, हिला कुणाजवळ ठेवू? त्या वर्षी उत्तर मिळालं नाही. मुलगी सोबत गेली आणि तिचं वर्ष बुडालं. पुढच्या वर्षी शेजारच्या काकूंनी उत्तर दिलं, माझ्याजवळ ठेवा. आमच्या भागात दिवाळीच्या सुमारास आजही घराघरांत हाच प्रश्न असतो. म्हणून ताईंची संस्था मुलांना त्यांच्याच गावात ठेवून घेते, आईवडील परत येईपर्यंत. हे काम कसं चालतं, त्यात काय जमतं आणि काय अजून जमत नाही, ते ताईंकडूनच ऐकू या. ताई, या.”

सावकाश बोलून याला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. यात काय नाही, ते बघा. ताईंच्या मनात तेव्हा काय होतं, हे मी बोलले नाही. ते त्यांनी सांगायचं. काकूंच्या भाकरीचं वाक्य मला फार आवडलं होतं, तरी ते ठेवून दिलं, कारण ते ताईंना स्वतः सांगायचं होतं. ओळख करून देणाऱ्या बाईनं सगळंच सांगून टाकलं, तर बोलणाऱ्या बाईकडे उरतं काय? आत्ता संस्थेत असलेल्या एकाही मुलाचं नाव नाही, फोटो नाही. त्या मुलांना कुणी विचारलेलं नाही, आणि उद्या शाळेत त्यांना त्याच नावानं वावरायचंय.

आणि पैशाचा एकही शब्द नाही. यावर एक आयोजक माझ्याशी थोडे वादले. म्हणाले, “लोक हळवे झालेले असतात, तेव्हाच मागायला हवं.” मी त्यांना आपल्या गटाचा अनुभव सांगितला. हप्ता थकलेल्या बाईचं नाव भर बैठकीत घेतलं, की ती त्या दिवशी कुठून तरी पैसे आणून भरते, पण पुढच्या बैठकीला येत नाही. पाहुण्यांचंही तसंच आहे. कुणाच्या घरी आजारपण असेल, कुणी आधीच दिलेलं असेल. त्यांच्या पानातल्या जेवणावर बोट ठेवलं, तर ते लाजेनं पाकीट देतील आणि पुढच्या वर्षीचं निमंत्रण टाळतील. मुलांना तर दरवर्षी ठेवायचंय. दबाव पडला की खोलीत तो कळतोही. माणसं बोलणारीकडे बघायचं सोडून ताटाकडे बघायला लागतात.

म्हणजे मागायचंच नाही, असं नाही. मागायचं, पण वेगळ्या वेळी आणि वेगळ्या माणसानं. ताईंचं बोलणं झालं, जेवणं झाली, मग संस्थेच्या खजिनदारांनी माईकवर थोडक्यात सांगितलं. एका मुलाच्या हंगामाचा खर्च टेबलावरच्या कार्डावर लिहिलाय. ज्यांना द्यायचंय त्यांच्यासाठी दाराजवळ पेटी आहे आणि पावतीचं टेबल आहे. फक्त काम बघायला यायचं असेल, तरी कार्डावर तशी खूण करा. कुणाचं नाव वाचलं नाही, कुणाची रक्कम पुकारली नाही.

एक गोष्ट मात्र मी चुकले. मी बोलायला उभी राहिले, तेव्हा वाढपी पहिलं वाढत होते. भांड्यांच्या आवाजात माझी पहिली दोन वाक्यं मागच्या टेबलांना ऐकूच गेली नाहीत. वाढणं पाच मिनिटं थांबवा, हे आधी सांगून ठेवायला हवं होतं. तुम्ही विसरू नका.

ताईंच्या आई पुढच्याच टेबलावर होत्या. ‘घरोघर गेल्या’ म्हटलं, तेव्हा त्यांनी पदर सावरला आणि मान वर केली. जेवणानंतर मला जवळ बोलावून म्हणाल्या, “तेरा घरं फिरले होते गं मी त्या रात्री. हिला ठाऊक नाही.”

ताई शेजारीच उभ्या होत्या. त्यांना ते खरंच ठाऊक नव्हतं.