पीडीएफमधली दाव्यांची यादी शीटमध्ये कशी आणायची
(तालुक्याच्या कार्यकर्ता बैठकीत केलेल्या मांडणीचा मजकूर)



आज मी कायद्यावर बोलणार नाही, ते आपले जुने साथी बोललेत. मी बोलणार आहे त्या यादीवर, जी आपल्याला कार्यालयातून मोबाईलवर मिळते. उपविभागीय समितीची बैठक होते, दाव्यांचा निर्णय लागतो आणि एक पीडीएफ येते. त्यात गाव, दावा क्रमांक, नाव, मागणी किती, मंजूर किती, निर्णय दिनांक, असे सगळे रकाने असतात. डोळ्यांना तक्ता दिसतो, पण त्याची बेरीज होत नाही. कुणाचं क्षेत्र कापलं ते वेगळं काढता येत नाही. आपल्याला तर तेच पाहिजे. कलम 6(4) प्रमाणे उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे जायला निर्णयाच्या तारखेपासून साठ दिवसच आहेत. चार पानं बोटाने चाळत बसलो तर तेवढ्यात दिवस निघून जातात.

पीडीएफमध्ये खरं तर तक्ता नसतोच, हे आधी समजून घ्या. कागदावर कुठल्या जागी कुठलं अक्षर छापायचं आणि कुठे रेघ ओढायची, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. "1.20" हा आकडा "मंजूर क्षेत्र" या रकान्यातला आहे, हे त्या फाईलला ठाऊक नसतं. आपण कॉपी करून शीटमध्ये टाकलं की सगळं एकाच रकान्यात ढीग होऊन पडतं, ते त्यामुळे.

म्हणून पहिलं काम म्हणजे पीडीएफ उघडून माऊसने एका नावावर ओढून बघायचं. अक्षरं निळी होऊन निवडली गेली तर आत अक्षरं आहेत. सगळं पानच एक चित्र म्हणून निवडलं गेलं किंवा काहीच झालं नाही, तर तो कागदाचा फोटो आहे, स्कॅन केलेला. त्यावर मी पुढे सांगतो ती युक्ती चालत नाही. मशीनने फोटोतली अक्षरं वाचायची सोय असते, पण खराब स्कॅनमध्ये 3 चा 8 होतो आणि आपल्याला कळतही नाही. अशा यादीला दोघांनी बसावं, एकाने मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने टाईप करावं. शंभर ओळींना एक दुपार लागते, पण काम पक्कं होतं.

अक्षरं निवडली गेली तर त्यातलं एक नाव कॉपी करून दुसरीकडे टाका. "गाव" च्या जागी xko असं काहीतरी आलं तर यादी कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली आहे. मराठी अक्षरं आली पण "किसन" चं "िकसन" झालं, तर वेलांटी सरकली आहे. हे दुसरं फार वेळा होतं. नावं दुरुस्त करत बसू नका. आपल्या ग्रामसभेच्या दावा नोंदवहीत नावं बरोबर लिहिलेली आहेत, दावा क्रमांक बघून तिथूनच घ्या. मशीनकडून आकडे घ्यायचे आणि नावं गावाकडून.

आता प्रत्यक्ष केलेलं काम सांगतो. आपल्याच भागातल्या तीन गावांची मिळून एक यादी होती, चार पानी, 96 दावे. संगणकावर टॅब्युला नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. तो ब्राऊझरमध्ये उघडतो पण आपल्याच संगणकावर चालतो, इंटरनेट लागत नाही आणि लोकांची नावं बाहेर कुठे जात नाहीत. त्यात पीडीएफ टाकायची, तक्त्याभोवती माऊसने चौकट ओढायची, तीच पुढच्या पानांवरही घ्यायची. मग तो दोन पद्धती विचारतो. तक्त्याला उभ्या आडव्या रेघा असतील तर Lattice, नुसत्या मोकळ्या जागा सोडून रकाने पाडले असतील तर Stream. आपल्या यादीला रेघा होत्या, म्हणून Lattice. समोर नमुना दिसतो. एका नावाचे दोन तुकडे दोन रकान्यांत गेलेत का ते तिथेच बघायचं, आणि मग CSV म्हणून फाईल काढायची.

ही CSV फाईल दुहेरी क्लिक करून उघडू नका, हे मी दोनदा सांगतो. दुहेरी क्लिकने एक्सेल उघडतं आणि आपल्याला न विचारता अर्थ लावायला बसतं. गट नंबर 12/3 असेल तर ते त्याला तारीख वाटते आणि जमिनीच्या नंबरच्या जागी तारीख बसते. एकदा ती बसली की मागे वळून "12/3" परत मिळत नाही. म्हणून लिब्रेऑफिसच्या कॅल्कमधून फाईल उघडायची. उघडताना एक खिडकी येते, तिच्यात Character set ला Unicode (UTF-8) ठेवायचं, नाहीतर मराठीची माती होते. खाली तक्ता दिसतो. गट नंबर आणि दावा क्रमांक या रकान्यांच्या डोक्यावर क्लिक करून Text निवडायचं. निर्णय दिनांकाला Date (DMY) निवडायचं, म्हणजे आधी दिवस, मग महिना.

तारखेचं मी का सांगतो ते बघा. आपल्या यादीत दोन बैठकांच्या तारखा होत्या, 05/03 आणि 18/03. संगणक अमेरिकन इंग्रजीवर ठेवलेला असला, आणि पुष्कळदा तसाच असतो, तर तो आधी महिना वाचतो. मग 5 मार्च चं 3 मे होतं. 18 वा महिना नसतो, म्हणून 18/03 ला तो हात लावत नाही, ते नुसती अक्षरं म्हणून राहतं. साठ दिवस मोजले तर 5 मार्चची मुदत 4 मे ला संपते. संगणकाने 3 मे धरलं तर तो 2 जुलै सांगतो! आपण निवांत बसायचं आणि तिकडे मुदत कधीच गेलेली. हे ओळखायला सोपं आहे. शीटमध्ये तारीख आणि आकडे उजवीकडे चिकटतात, अक्षरं डावीकडे. एकाच तारखेच्या रकान्यात काही उजवीकडे, काही डावीकडे दिसले तर समजा तारखा उलटल्यात. फाईल बंद करा, पुन्हा उघडा आणि DMY लावा.

मग ओळींची मोजणी. शीर्षक सोडून आपल्याकडे 104 ओळी आल्या, दावे तर 96. मग आठ ओळी कसल्या? तीन होत्या पान 2, 3, 4 वर पुन्हा छापलेल्या शीर्षकाच्या. एक शेवटची "एकूण" ची. उरलेल्या चार नुसत्या नावाच्या होत्या. नाव लांब म्हणून दोन ओळींत मोडलं, खाली वडिलांचं नाव एकटंच राहिलं आणि त्या ओळीत अनुक्रमांक नाही. तिथे वरच्या नावाला ते जोडून खालची ओळ काढून टाकायची. "एकूण" मधले आकडे मात्र आधी एका कागदावर लिहून ठेवा, ते आपल्याला लागतात. अनुक्रमांक 1 ते 96 सलग आहेत का ते डोळ्यांनी बघा. मधला एखादा नसेल तर पान बदलताना ओळ चौकटीबाहेर राहिली असेल.

गावाच्या रकान्यात अजून एक गंमत आहे. यादीत गावाचं नाव एकदाच, मोठ्या रकान्यात छापलेलं असतं. शीटमध्ये ते पहिल्या ओळीत येतं आणि खालच्या ओळी रिकाम्या. आधी ते नाव खालपर्यंत भरा, मगच क्रम लावा किंवा चाळा. नाही तर ओळी हलल्या की कुठला दावा कुठल्या गावाचा ते कुणालाच सांगता येणार नाही. त्याच वेळी "पान" असा एक रकाना वाढवून पीडीएफचा पान नंबर लिहा. साहेबांसमोर बोट ठेवायला तो लागतो.

आता बेरीज. मंजूर क्षेत्र G रकान्यात आहे, ओळी 2 ते 97.

```
=SUM(G2:G97)
```

यादीच्या खाली छापलं होतं 58.40, आपली आली 57.15. फरक 1.25, म्हणजे सव्वा हेक्टर. बेरीज चुकली की संगणक काही ओरडत नाही, अक्षर म्हणून पडलेला आकडा गुपचूप सोडून देतो. मग रकान्यात डावीकडे चिकटलेलं काय आहे ते शोधलं. एका ओळीत टाईप करणाऱ्याने "१.२५" असं मराठी आकड्यात लिहिलं होतं. ते 1.25 केलं आणि 58.40 जुळलं. असे आकडे पुष्कळ असले तर Find & Replace ने ० चा 0, १ चा 1, असं दहा वेळा करायचं. मागणीच्या रकान्याची बेरीजही तशीच जुळवायची.

कधी आपलं सगळं बरोबर असूनही जुळत नाही, कारण छापलेली बेरीजच हाताने केलेली आणि चुकलेली असते. तेव्हा पानापानाची बेरीज काढून ठेवा. आणि एक गोष्ट शीट कधीच सांगू शकत नाही. हेक्टर आर मध्ये 1.05 म्हणजे एक हेक्टर पाच आर. एखाद्याने नुसतं 1.5 लिहिलं असेल तर शीट ते 1.50 धरतं, पन्नास आर. खरं काय ते मोजणीच्या नकाशावरून आणि कसणाऱ्याला विचारूनच कळतं. अशा ओळींना रंग लावा आणि गावात विचारा.

हे झालं की शेवटचे दोन रकाने राहतात. मागणी F मध्ये, तारीख H मध्ये.

```
=F2-G2
=H2+60
```

पहिल्याने किती कापलं ते येतं, दुसऱ्याने मुदत कधी संपते ते येतं. दुसऱ्यात तारखेऐवजी मोठा आकडा दिसला तर घाबरू नका, त्या रकान्याला तारखेचं रूप द्यायचं राहिलं असतं. मग मुदतीच्या क्रमाने लावा, 4 मे वाले वर, 17 मे वाले खाली. कापलेल्या आणि नाकारलेल्या दाव्यांच्या गावनिहाय याद्या छापून त्या त्या वनहक्क समितीच्या अध्यक्षांकडे दिल्या आहेत. ज्यांच्या गावची अजून आली नाही त्यांनी पीडीएफ घेऊन बुधवारी, बाजाराच्या दिवशी, ऑफिसात या. येताना दावा नोंदवही आणा, तिच्याशिवाय नावं लागणार नाहीत.