व्याज उरलेल्या पैशावरच
(पालघर तालुक्यातील बचत गटाच्या बैठकीत बँक अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)

बायांनो, तुम्ही 10 जणी महिन्याला 100 रुपये टाकता. सहा महिन्यांत 6000 जमले. आता लावणीला एकीला 2000 पाहिजेत. वीटभट्टीवाल्याची उचल घेतली, तर दिवाळीनंतर अख्खं घर भट्टीवर जातं. त्यापेक्षा गटातून घ्या, महिन्याला शेकडा 2 रुपये व्याजाने.

दर महिन्याला 500 मुद्दल फेडलं, तर व्याज पहिल्यांदा 40, मग 30, 20, 10. एकूण 100, आणि तेही गटाच्याच पेटीत. कोणी चारही महिने 40च घेतलं, तर 160 होतात. म्हणजे फेडलेल्या पैशावरही व्याज लावलं! म्हणून वहीत ‘बाकी मुद्दल’ हा रकाना पाहिजेच. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून बैठकीतच, सगळ्यांसमोर वाचून घ्या. अंगठा त्यानंतर.