मालिकेतली ही बाई कुठली?

शहाडच्या आपल्या बचत गटांतर्फे आम्ही बोलतोय.

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत हप्ते लिहून झाले आणि मालिकांचा विषय निघाला. एका मालिकेतली सासू नेमकी कुठली, यावरून जुंपली. एक ताई म्हणाल्या कोल्हापूरची, दुसऱ्या म्हणाल्या साताऱ्याची, आणि मालवणच्या वहिनी म्हणाल्या, "ती खयचीच नाय!" त्यावर ठरलं की रेडिओवर एकदा याबद्दलच बोलायचं. मालिकेतलं पात्र कुठलं आहे, ते बोलण्यावरून ओळखायचं कसं?

आपल्या शहाडमध्ये हे ओळखणं सोपं जायला हवं. सेंच्युरी रेयॉनसारख्या कारखान्यांमुळे आणि कल्याण-कसारा रेल्वेमुळे इथे घाटावरची, कोकणातली, खानदेशातली, विदर्भातली घरं एकाच चाळीत राहिली. मोहने, अटाळी, वडवली या बाजूला आगरी-कोळी घरं आधीपासूनच आहेत. म्हणजे नळावर पाणी भरताना पाच जिल्ह्यांची मराठी कानावर पडते. तरीही मालिका लागली की आपण पटकन म्हणून टाकतो, "ती गावाकडची आहे." अहो, पण कुठल्या गावाकडची?

आम्ही काय केलं, ते सांगतो. बैठकीत प्रत्येकीला एकच वाक्य आपल्या माहेरच्या बोलीत म्हणायला सांगितलं: "मी बाजारात गेले होते."

हे वाक्य पुस्तकातलं. पुण्याकडची शिकलेली बाई ते असंच म्हणेल. कोल्हापूरच्या ताई म्हणाल्या, "मी बाजारला गेलतो." सगळ्या हसल्या, कारण 'गेलतो' म्हणजे 'गेलो होतो', आणि ते तर पुरुष बोलतो! पण कोल्हापूरकडे बाईसुद्धा 'मी येतो, मी जातो, मी करतो' असंच म्हणते. त्यात चूक काही नाही, ती तिथली रीत आहे. शेजारच्या कन्नड भाषेतही 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांत फरक नसतो, बाई आणि पुरुष दोघंही एकच रूप वापरतात.

नागपूरकडच्या ताई म्हणाल्या, "मी बजारात गेली होती." 'गेले' नाही, 'गेली'. आणि मालवणच्या वहिनी म्हणाल्या, "मी बाजारात गेललंय."

वाक्य एकच, बाई एकच, आणि चार ठिकाणची चार रूपं. म्हणून आमचं म्हणणं असं, की मालिकेतली बाई ओळखायची असेल तर ती स्वतःबद्दल बोलताना क्रियापद कसं संपवते, ते आधी ऐकायचं.

आता तुम्ही म्हणाल, 'लई', 'व्हय', 'नगं', 'आवं' हे शब्द ऐकले तरी कळतंच की. कळतं, पण अर्धंच. हे शब्द साताऱ्यात आहेत, सांगलीत आहेत, सोलापूरकडे आहेत आणि कोल्हापुरातही आहेत. त्यावरून एवढंच समजतं की माणूस घाटावरचा. बैठकीतलं भांडण याच शब्दांवरून झालं होतं. 'लागिरं झालं जी' ही मालिका साताऱ्याकडच्या फौजी पोराची आणि 'तुझ्यात जीव रंगला' ही कोल्हापूरकडच्या पैलवानाची. दोन्हींतले असे सुटे शब्द कानाला सारखेच लागतात. तिथे बाईचं 'मी गेलो' ऐकू आलं, तर कोल्हापूरकडे बोट दाखवता येतं. ते ऐकू आलंच नाही आणि नुसतं 'व्हय, व्हय' चाललं असेल, तर घाटावरची एवढंच म्हणावं आणि थांबावं.

एका खुणेवर मात्र विसंबायचं नाही. 'मी गेली' हे विदर्भाचं म्हटलं, पण आपल्या मुंबई-ठाण्याकडेही कितीतरी बायका सहज 'मी गेली, मी आली' म्हणतात. मग दुसरी खूण शोधायची. नागपूर-अमरावतीकडची बाई 'स्वयंपाक करते आहे' असं न म्हणता 'स्वयंपाक करून राहिली' म्हणते. 'का' ऐवजी 'काऊन' म्हणते, पोरांना 'पोट्टे' म्हणते. 'गेली' आणि 'करून राहिली' ही दोन्ही एका तोंडी आली, की ती विदर्भाची.

'माझ्या नवऱ्याची बायको' मधली राधिका तुम्हाला आठवतच असेल. मालिका 2016 मध्ये सुरू झाली. राधिका नागपूरकडची, मुंबईत संसार करणारी, आणि नवऱ्याने फसवल्यावर मसाल्याचा धंदा उभा करणारी. तिचं काम करणाऱ्या अनिता दाते मूळच्या नाशिकच्या. म्हणजे नट कुठला आणि पात्र कुठलं, या दोन गोष्टी वेगळ्या. पात्राबद्दल सांगताना नटाचं गाव धरायचं नाही, आणि चित्रीकरण कुठे झालं तेही धरायचं नाही. पात्राच्या तोंडी काय दिलंय, तेवढंच बघायचं.

मालवणीची गंमत आणखी वेगळी. 'रात्रीस खेळ चाले' सुद्धा 2016 मध्येच सुरू झाली, सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातल्या वाड्यात. तिच्या लेखनात प्रल्हाद कुडतरकर होते आणि पांडूचं कामही त्यांनीच केलं. पांडूचं ते 'इसारलंय' घराघरांत गेलं. आता बघा, 'इसारलंय' म्हणजे 'मी विसरलो'. आमच्या वहिनींच्या 'गेललंय' सारखाच त्याचाही शेवट 'लंय' मध्ये होतो. लिहिणाऱ्याला ती बोली आतून ठाऊक असली की अशी रूपं जागच्या जागी पडतात.

याच मालवणीत 'इलो' म्हणजे 'तो आला'. "माझो झील इलो" म्हणजे "माझा मुलगा आला." ज्याला ठाऊक नाही त्याला वाटतं, मुलगा स्वतःबद्दल 'आलो' म्हणतोय. म्हणून मालवणी ओळखताना क्रियापदाबरोबर हे छोटे शब्दही ऐका: मला म्हणजे 'माका', तुला म्हणजे 'तुका', कुठे म्हणजे 'खय', इथे म्हणजे 'हय'. 'माका' आणि 'खय' सोबत आले तर कोकणाच्या दक्षिण टोकाकडे चला. तिथून पुढे गोव्यातही असे शब्द भेटतात, त्यामुळे सीमेवर थोडा घोळ होणारच.

आमच्या खानदेशच्या ताईंनी त्यांची अहिराणी ऐकवली. "तुनं नाव काय शे?" म्हणजे "तुझं नाव काय आहे?" 'माझं' म्हणजे 'मनं', 'कुठे' म्हणजे 'कथा'. 'शे' ऐकलं की धुळे, जळगाव, नंदुरबार किंवा नाशिकची बागलाणाची बाजू. आणि आपल्या शेजारच्या आगरी मावशी 'गाडी' ला 'गारी' म्हणतात, 'घोडा' ला 'घोरा', 'डोळा' ला 'डोला'. नुसतं 'पानी' म्हणाल्या तर काही कळत नाही, कारण 'ण' चा 'न' कितीतरी बोलींत होतो. पण 'गारी' म्हटलं की आपल्या उत्तर कोकणाचा वास येतो.

आता गडबड कुठे होते, ते एका वाक्यावर बघू. हे आम्हीच बनवलंय, कुठल्या मालिकेतलं नाही: "आवं, मी बाजारात गेलतो, सयपाक करून राहिली, तुमी खय निघाला?" वरवर ऐकलं तर छान गावाकडचं वाटतं. आता सोडवा. 'आवं' घाटावरचं. 'गेलतो' बाईच्या तोंडी, म्हणजे कोल्हापूरचं. 'करून राहिली' नागपूरचं. 'खय' मालवणचं. एक बाई एका वाक्यात महाराष्ट्र फिरून आली! असं बोलणारी बाई कुठेच नसते. मालवणच्या वहिनी त्या सासूबद्दल 'खयचीच नाय' म्हणाल्या, त्याचं कारण हेच.

यात मालिकावाल्यांचीही एक अडचण आहे. गोंदियापासून सावंतवाडीपर्यंत सगळ्यांना समजायला हवं, म्हणून ते बोली पातळ करतात, अवघड शब्द गाळतात. शब्द कमी केले तर बिघडत नाही. राहिलेले शब्द एकाच ठिकाणचे असले म्हणजे झालं. आणि एका घरात सगळ्यांनी एकसारखं बोलावं असंही नाही. 'रात्रीस खेळ चाले' मध्ये मुंबईहून आलेली सून नीलिमा पुस्तकी मराठी बोलते आणि घरातली मंडळी मालवणी. आपल्या घरांतही असंच असतं की. सासू एक बोलते, सून माहेरचं आणते, आणि पोरं शाळेतलं बोलतात.

बैठकीत मग दुसरंच निघालं. आमच्या एक ताई, माहेर नागपूरकडचं, एका कचेरीत अर्ज घेऊन गेल्या होत्या. "मी काल बी आली होती," एवढंच म्हणाल्या, तर समोरून उत्तर आलं, "आधी नीट मराठी बोला." त्यानंतर वर्षभर त्या मुलालाच पुढे करायच्या. गटाच्या खात्याचं कामसुद्धा तोच बोलायचा. आम्ही त्यांना सांगितलं, तुमचं 'आली होती' हे विदर्भातल्या बायकांचं नेहमीचं रूप आहे, त्यात सुधारायचं काही नाही. राधिका मसाल्याचा धंदा करताना हेच बोलत होती आणि तेव्हा कुणाला खटकलं नाही. पुढच्या खेपेला ताई स्वतः बोलल्या, आणि आम्ही दोघी नुसत्या मागे उभ्या होतो. काम झालं.

तेव्हा या आठवड्यात असं करा. तुम्ही बघता त्या मालिकेतली एक बाई निवडा. तिच्या तोंडची तीन वाक्यं वहीत जशीच्या तशी लिहा, आपल्या पद्धतीने सुधारू नका. एक वाक्य असं, ज्यात ती 'मी' म्हणते. दुसरं, ज्यात ती 'कुठे' विचारते. तिसरं कुठलंही. मग त्या भागात माहेर असलेल्या बाईला ती वाचून दाखवा आणि विचारा, तुमच्याकडे असं बोलतात का? ती 'हो' म्हणाली, तर तालुकाही विचारून घ्या. कारण एका जिल्ह्यातही बोली बदलते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय. त्यांनीही गावोगावच्या माणसांना बोलतं केलं आणि आवाज नोंदवून घेतले. आपली वही त्यामानाने लहान आहे, पण रीत तीच आहे.

लिहिलेली वाक्यं पुढच्या बैठकीला घेऊन या. सगळ्यांत जास्त वाद ज्या पात्रावर होईल, त्याच्यावर पुढच्या भागात बोलू. तोवर, मैत्रिणींनो, नमस्कार.